माहेरचे नाव आणि सरकारी दप्तर

विवाहानंतर स्त्रीने पतीचे नाव व आडनाव लावलेच पाहिजे, असे सांगणारा कायदा या देशात कधीही नव्हता आणि आजही नाही. तो रिवाज आहे. परंतु रिवाजाला सरकारी दप्तराने इतकी मनःपूर्वक साथ दिली आहे की, सामान्य माणसाला तो कायदाच वाटतो. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत बालकाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव लिहिण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच निर्णयात विवाहित स्त्रियांपुरती जुनी पद्धत, म्हणजे तिचे नाव, नंतर पतीचे नाव आणि मग आडनाव, कायम ठेवण्यात आली. आई म्हणून स्त्रीला दप्तरात जागा मिळाली. पत्नी म्हणून ती होती तेथेच राहिली.

या रिवाजाची खरी किंमत विवाह मोडल्यावर कळते. घटस्फोट मिळाला, न्यायालयाने नाते संपल्याचे जाहीर केले, आणि आपल्या जन्माच्या नावाने पुन्हा जगावे असे एखाद्या स्त्रीने ठरवले, की तिच्यासमोर एक विचित्र प्रश्न उभा राहतो. ज्या नावाने ती जन्मली, शाळेत गेली, ज्या नावावर गुरुजींनी हजेरी घेतली, ते नाव आपलेच आहे हे तिला सिद्ध करावे लागते. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. पोटगी, मुलांचा ताबा, निवारा या प्रश्नांपुढे नावाचे काय एवढे, असे आपल्यातील काही कार्यकर्तेही म्हणतात. पण बँकेतील पैसे, भविष्य निर्वाह निधी आणि रेशनचे धान्य हे सारे आज नावाच्या अक्षरांना बांधलेले आहे. अक्षरे जुळली नाहीत तर हक्काचा पैसा अडतो. म्हणून हा प्रश्न अस्मितेचा जेवढा आहे, तेवढाच भाकरीचाही आहे.

महाराष्ट्रात त्याला आणखी एक पदर आहे. इतर प्रांतांत बहुधा आडनाव तेवढे बदलते. आपल्याकडे मधले नाव आणि आडनाव अशी दोन्ही बदलतात. आणि अनेक घरांत लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे स्वतःचे नावही बदलले जाते. ज्या समारंभाचे कौतुक होते, त्यात एका माणसाच्या नावाचे तिन्ही भाग एकाच दिवशी पुसले जातात. त्या दिवशी हा विधी कोणाच्या वहीत नोंदला जात नाही. त्याचा पुरावा मागितला जातो तो पंधरा-वीस वर्षांनी.

एक उदाहरण घेऊ. नावे कल्पित आहेत, पण अडचणी रोजच्या आहेत. सोलापुरातील एक विडी कामगार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे नाव कमल विठ्ठल जाधव. विवाह २००९ साली झाला आणि तांदळाच्या ताटातून ती सुनंदा रमेश पवार झाली. विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत झाली, पण त्या प्रमाणपत्रात वधू म्हणून तिचे विवाहापूर्वीचे नाव, कमल विठ्ठल जाधव, हेच लिहिले गेले. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड आणि कारखान्यातील भविष्य निर्वाह निधीचे खाते ही सारी नंतरची, म्हणून ती सुनंदा रमेश पवार या नावाने निघाली. परस्परसंमतीने घटस्फोट झाला तेव्हा वकिलाने आधार कार्ड पाहून अर्ज लिहिला. त्यामुळे न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरही सुनंदा रमेश पवार असेच नाव आले.

आता हे कागद एकमेकांशेजारी मांडून पाहावेत. शाळेचा दाखला आणि विवाहाचे प्रमाणपत्र कमलचे आहे. आधार, पासबुक आणि हुकूमनामा सुनंदाचा आहे. कमल आणि सुनंदा ही एकच स्त्री आहे असे सांगणारा कागद या सगळ्या चळतीत एकही नाही. दप्तराच्या दृष्टीने कमलचे लग्न झाले ते अद्याप मोडलेले नाही, आणि सुनंदाचा घटस्फोट झाला पण तिचे लग्न कधी झाले याची नोंद नाही. खिडकीमागचा कारकून तिला परत पाठवतो तेव्हा तो दरवेळी दुष्टपणे वागत असतो असे नाही. त्याच्यापुढे खरोखरच दोन बायका उभ्या असतात.

या गोष्टीचे मूळ घटस्फोटाच्या अर्जात आहे, आणि तेथेच ती टाळता येते. अर्जाच्या शीर्षकातच 'सुनंदा रमेश पवार, विवाहापूर्वीचे नाव कमल विठ्ठल जाधव' असे लिहिले, आणि घटस्फोटानंतर अर्जदार आपले विवाहापूर्वीचे नाव वापरणार आहे असे एक वाक्य मजकुरात घातले, तर दोन्ही नावे न्यायालयाच्या अभिलेखात एकत्र येतात. शीर्षकातील नावे हुकूमनाम्यात उतरतात. मग हुकूमनामा हाच दोन नावांमधला दुवा होतो. एका ओळीचे हे काम आहे. ते राहून गेले की पुढचे सगळे हेलपाटे सुरू होतात. स्त्रीला वकिलाकडे घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी ही एक ओळ लक्षात ठेवावी.

हुकूमनाम्याविषयी आणखी दोन गोष्टी फार थोड्यांना ठाऊक असतात. पहिली अशी की, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये, घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाने त्याची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलमही त्याच दुरुस्तीतले. तरीही असंख्य स्त्रिया पहिली प्रत न घेताच न्यायालयाची पायरी उतरतात, आणि नंतर नकलेसाठी खेपा घालतात.

दुसरी गोष्ट अशी की, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन निराळे कागद आहेत. न्यायनिर्णयात साऱ्या संसाराची चिरफाड असते. कोणी कोणावर काय आरोप केले, मारहाण कशी झाली, कोणाचे चारित्र्य कसे होते, पोटगी किती ठरली, हे सगळे त्यात येते. हुकूमनामा त्या मानाने आटोपशीर असतो. पक्षकारांची नावे, दावा क्रमांक, तारीख आणि विवाह विसर्जित झाल्याचा आदेश हे त्यात असते. नाव बदलण्यासाठी कोणत्याही कार्यालयाला एवढेच पुरेसे आहे. पण हा भेद माहीत नसल्याने स्त्रिया संपूर्ण न्यायनिर्णयाची चळत बँकेच्या टेबलावर ठेवतात, आणि तिच्या आयुष्यातील सर्वांत अपमानकारक पाने अनोळखी हातांतून फिरतात. याच कायद्याचे कलम २२ म्हणते की, अशा दाव्यांची सुनावणी बंद दालनात व्हावी आणि तिचा मजकूर छापला जाऊ नये. न्यायालयात पाळलेली ही मर्यादा बँकेच्या खिडकीवर मोडते, कारण कोणता कागद द्यायचा हे तिला कोणी सांगितलेले नसते.

पुन्हा आपल्या उदाहरणाकडे वळू. हुकूमनाम्यात एकच नाव असल्यामुळे सोलापूरच्या या कामगाराला दुवा बाहेरून निर्माण करावा लागतो. तो दुवा म्हणजे महाराष्ट्र शासनाचे राजपत्र, ज्याला लोक गॅझेट म्हणतात. आधी प्रतिज्ञापत्र करायचे. आपला जन्म व शिक्षण कमल विठ्ठल जाधव या नावाने झाले, अमुक तारखेस विवाह झाल्यावर आपण सुनंदा रमेश पवार हे नाव लावले, अमुक क्रमांकाच्या दाव्यात अमुक तारखेस विवाह विसर्जित झाला, ही दोन्ही नावे आपलीच आहेत आणि यापुढे पहिले नाव वापरणार, एवढा मजकूर त्यात हवा. मग शाळेचा दाखला, विवाहाचे प्रमाणपत्र, आधार आणि हुकूमनामा जोडून शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज करायचा. हा अर्ज आता संगणकावरून करता येतो. राजपत्राच्या दुसऱ्या भागात जुने नाव व नवे नाव अशी नोंद छापून आली की दोन बायकांची एक बाई झाली.

येथे बारीक दिसणारी पण महाग पडणारी एक चूक होते. नव्या नावाचे रोमन स्पेलिंग शाळेच्या किंवा बोर्डाच्या दाखल्यावर जसे आहे तसेच्या तसे राजपत्रात आले पाहिजे. 'विठ्ठल' या एका नावाचे रोमन लिपीत तीन-चार प्रकार सहज होतात. सायबर कॅफेतल्या मुलाने घाईत एक अक्षर कमी टंकले आणि तसेच छापून आले, तर राजपत्र एक नाव सांगते आणि शाळेचा दाखला दुसरे. मग दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क. अर्ज पाठवण्यापूर्वी दाखला समोर धरून अक्षर अन् अक्षर पडताळावे, एवढाच याला उपाय आहे.

राजपत्र हाती आल्यावर पहिला क्रम आधारचा, कारण बाकीची बहुतेक दप्तरे आधारकडे पाहून आपली नोंद जुळवतात. केवळ आडनाव बदलायचे असेल तर आधार केंद्रावर घटस्फोटाचा हुकूमनामा पुरावा म्हणून मान्य आहे. संपूर्ण नावच बदलत असेल तर राजपत्र आणि जुन्या नावाचे ओळखपत्र मागितले जाते. पण आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, ही मर्यादा २०१९ पासून लागू आहे. कमलचे आधार विवाहानंतरच निघाले असल्याने तिचा हा पहिलाच बदल आहे. आजच्या तरुण मुलींची स्थिती तशी नाही. त्यांचे आधार बालपणी माहेरच्या नावाने निघते. लग्नानंतर नाव बदलले की एक संधी संपते, घटस्फोटानंतर मूळ नाव घेतले की दुसरीही संपते. पुढे पुनर्विवाह करून तिने पुन्हा नाव बदलले, किंवा केंद्रावर दुसऱ्या खेपेस एखादे अक्षर चुकले, तर प्रकरण प्रादेशिक कार्यालयाकडे विशेष मंजुरीसाठी जाते. ज्या रिवाजाने पुरुषाचे नाव कधीच बदलत नाही, त्या रिवाजात ही समान दिसणारी मर्यादा एकट्या स्त्रीच्याच वाट्याला येते.

आधारच्या रांगेत आणखी एक गाठ असते. तिच्या आधारला व बँकखात्याला जोडलेला दूरध्वनी क्रमांक बहुधा नवऱ्याचाच असतो, कारण घरात मोबाइल एकच होता. नाव बदलण्याची, पैसे काढण्याची प्रत्येक सांकेतिक संख्या त्याच्या हातात जाते. म्हणून नावाच्याही आधी क्रमांक बदलला पाहिजे. त्यासाठी केंद्रावर कोणताही कागद लागत नाही.

पॅनचे काम त्यानंतर तुलनेने सोपे आहे. राजपत्राच्या आधारे तेथे नाव दुरुस्त होते. गंमत अशी की, पॅनच्या अर्जात विवाहित स्त्रीलाही पतीचे नव्हे, वडिलांचेच नाव विचारले जाते, त्यामुळे त्या एका कार्डावर विठ्ठल हे नाव इतकी वर्षे मुकाट्याने टिकून असते. मतदारयादीसाठी आठ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. पारपत्र काढलेले असेल तर ते नव्याने घ्यावे लागते. तेथे हुकूमनामा मान्य आहे, आणि २०१६ च्या सुधारणेनंतर घटस्फोटितेला माजी पतीचे नाव लिहिण्याचे बंधन राहिलेले नाही. शाळेचा दाखला, पदवी आणि विवाहाचे प्रमाणपत्र मात्र बदलायचे नसते. ते त्या त्या दिवसाचे खरे वृत्त आहे आणि तेच पुढे उपयोगी पडते.

खरी अडवणूक होते ती बँकेत. आणि तेथील दोष कारकुनाचा नाही, नियमाचा आहे. ग्राहकाची ओळख पटवण्यासंबंधी जे नियम बँकांना बांधतात, ते मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालील २००५ च्या नियमांतून आलेले आहेत. ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदलले असले तरी ते ओळखपत्र वैध मानावे, अशी सवलत त्यांत आहे. पण त्यासाठी जोडावयाचे कागद दोनच सांगितले आहेत. एक, राज्य शासनाने दिलेले विवाहाचे प्रमाणपत्र. दोन, राजपत्रातील प्रसिद्धी. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचा त्यात उल्लेख नाही.

या दोन ओळींत आपल्या राज्यव्यवस्थेचे स्त्रीविषयक आकलन उघडे पडते. स्त्री नाव बदलते ती सासरी जाताना, एवढेच नियमकर्त्यांच्या मनात होते. त्या वाटेसाठी ग्रामपंचायतीचे साधे प्रमाणपत्र पुरते. परतीच्या वाटेवर न्यायाधीशाच्या सहीचा आणि न्यायालयाच्या शिक्क्याचा कागदही नियमात बसत नाही. ग्रामसेवकाने दिलेल्या कागदापेक्षा न्यायालयाचा हुकूम कमी वजनाचा कसा, याचे उत्तर कोणत्याही बँकेने द्यावे. काही शाखाधिकारी समजूतदारपणे हुकूमनामा स्वीकारतात. पण हक्क हा शाखाधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असता कामा नये.

याच वृत्तीचे दुसरे रूप २०२४ मध्ये दिल्लीत दिसले. माहेरचे आडनाव पुन्हा घेऊ पाहणाऱ्या विवाहित स्त्रीने घटस्फोटाचा हुकूमनामा अथवा पतीचे ना-हरकत पत्र सादर करावे, अशी अट केंद्राच्या प्रकाशन विभागाने राजपत्राच्या अर्जदारांना घातली होती. तिला एका स्त्रीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ही अट संविधानाने दिलेल्या समतेच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कांवर घाला घालते, असे तिचे म्हणणे होते. ते पटण्यासाठी कायद्याच्या ग्रंथांची गरज नाही. विवाहाच्या वेळी पतीचे नाव लावताना वडिलांचे ना-हरकत पत्र कोणी मागत नाही. मग स्वतःचे नाव परत घेताना पतीची हरकत विचारण्याचे कारण काय? स्त्रीचे नाव ही एका पुरुषाने दुसऱ्याच्या हवाली करावयाची वस्तू आहे, हे गृहीत धरल्याखेरीज असा नियम लिहिताच येत नाही.

रेशनकार्डावरही नवऱ्याची मर्जी अशीच आडवी येते. नवे कार्ड काढायचे किंवा भावाच्या कार्डात नाव घालायचे, तर आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. जुने कार्ड नवऱ्याच्या घरात, आणि तो ते देत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले, पण व्यवहारात कार्ड कपाटात ठेवणाराच प्रमुख असतो. अशा वेळी हुकूमनाम्याची प्रत जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विनवण्यांची नोंद कोठेच राहत नाही.

ज्यांच्याजवळ हुकूमनामाच नाही, अशा स्त्रियांची गोष्ट याहून कठीण आहे. खेड्यापाड्यांत आजही शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर काडीमोड लिहून घेतली जाते, खाली दोन पंचांच्या सह्या असतात आणि बाजूला नोटरीचा शिक्का असतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाचा हक्क राखून ठेवते हे खरे, पण ती रूढी त्या समाजात आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. नोटरीचा शिक्का हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही, आणि कार्यालये तो कागद नाकारतात तेव्हा ती चुकत नाहीत. याला मार्ग आहे. कुटुंब न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यानुसार, एखाद्या व्यक्तीच्या वैवाहिक स्थितीविषयी जाहीरनामा देण्याचा अधिकार त्या न्यायालयाला आहे. काडीमोडीचा कागद घेऊन दहा कार्यालये फिरण्यापेक्षा एकदा तेथे अर्ज करणे बरे. नवऱ्याने टाकलेल्या परित्यक्तेपाशी तर काडीमोडीचाही कागद नसतो. स्वतःच्या नावावरचा तिचा हक्क पुराव्याअभावी कमी होतो असे कोणी म्हणू नये.

या साऱ्यातून मागण्या निघतात त्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. घटस्फोटाच्या प्रत्येक हुकूमनाम्यात स्त्रीचे विवाहापूर्वीचे संपूर्ण नाव लिहिणे न्यायालयांना बंधनकारक असावे. बँकांच्या नियमात विवाहाच्या प्रमाणपत्राशेजारी 'अथवा घटस्फोटाचा हुकूमनामा' एवढे शब्द घालावेत. विवाह, घटस्फोट वा पतीच्या मृत्यूमुळे झालेला नावातील बदल आधारच्या दोनदाच्या मर्यादेत मोजू नये. या तिन्हींसाठी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त मूळ गृहीतक सोडून देण्याची तयारी.

आपल्या उदाहरणातली कमल शेवटी भविष्य निर्वाह निधीच्या कामासाठी कारखान्यात जाते. निधीच्या तिच्यासारख्या जुन्या खात्यातील नाव बदलण्यासाठी कामगार व मालक यांचे संयुक्त निवेदन लागते. आधार आता कमलचे आणि निधीचे खाते सुनंदाचे, म्हणून रक्कम काढण्याचा अर्ज अडून राहतो. ज्या हातांनी वर्षानुवर्षे हजार-हजार विड्या वळल्या, ते हात कोणाचे याविषयी कारखान्यात कोणालाच शंका नसते. कारखान्याने निवेदनावर सही केली तर काम पुढे सरकते. नाही केली तर युनियनने ते काम हाती घ्यावे, कारण तो आता नावाचा वाद राहत नाही, मजुरीचा होतो.

पक्षाच्या तालुका कार्यालयांत घटस्फोटाच्या व पोटगीच्या अर्जांसाठी स्त्रिया येतात. तेथल्या कार्यकर्त्यांनी पहिल्याच भेटीत तिचा शाळेचा दाखला मागून घ्यावा आणि त्यावरचे नाव वकिलाच्या अर्जात आले आहे की नाही ते पाहावे. आणि गावात पुढचे लग्न ठरेल तेव्हा, मुलीचे नाव तांदळात लिहिण्याआधी, ते बदलायचे कशासाठी हा प्रश्नही एकदा मांडवात विचारावा.